वर पिवळं पाणी, खाली लाल गाळ

प्रश्न : मी बदलापूर पूर्वेला राहते. सकाळी सव्वासहाला घर सोडावं लागतं, म्हणून रविवारी दोन-तीन किलो टोमॅटोंची प्युरी करून ठेवते. टोमॅटो उकळत्या पाण्यात टाकते, थंड पाण्यात काढून सोलते, मिक्सरमधून फिरवते आणि बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवते. दुसऱ्या दिवशी बघावं तर खाली लाल गाळ आणि वर पिवळट पाणी. ढवळलं की एक होतं, पण भाजीत घातली की रस्सा पाणचट. विकतच्या पाकिटातली प्युरी अशी फुटत नाही. त्यात काही घालतात का? माझं नक्की काय चुकतं?

उत्तर : सोलेपर्यंत तुमचं सगळं बरोबर आहे. गडबड होते ती सोलल्यानंतर, कच्चा गर मिक्सरमध्ये फिरतो तेव्हा.

टोमॅटोच्या गरात पेक्टिन असतं. पेरूची जेली घट्ट होते ती याच पेक्टिनमुळे. टोमॅटोत ते पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवतं आणि रसाला दाटपणा देतं. पण त्याच फळात हे पेक्टिन तोडणारी एन्झाइम्सही असतात. टोमॅटो टोपलीत पडल्या पडल्या मऊ होत जातो, ते त्यांचंच काम. फळ अखंड असतं तोवर हे काम सावकाश चालतं. मिक्सरचं पातं फिरलं की पेशी फुटतात, एन्झाइम्स सगळ्या गरात मिसळतात आणि काही मिनिटांतच पेक्टिनचे लांब धागे तोडून टाकतात. धागे तुटले की गराला धरून ठेवणारं काही उरत नाही. तो तळाशी बसतो आणि पाणी वर येतं. तुमच्या बरणीत रात्रभर हेच चाललेलं असतं.

तुम्ही म्हणाल, टोमॅटो तर आधी उकळत्या पाण्यात टाकले होते, मग एन्झाइम्स शिल्लक कशी? ती जेमतेम मिनिटभराची आंघोळ असते. तेवढ्यात साल आणि तिच्याखालचा पातळ थर तापतो. आतला गाभा जवळजवळ थंडच असतो, आणि वर आपण त्याला लगेच बर्फाच्या पाण्यात टाकतो. हवं तर एक सोललेला टोमॅटो चिरून मधल्या भागाला बोट लावून बघा. एन्झाइम्स निकामी व्हायला गर आतपर्यंत, चांगला ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत आणि झटपट तापायला हवा. हळूहळू तापवलं तर उलट नुकसान होतं, कारण कोमट गरात ती आणखी जोमानं काम करतात.

पाकिटातली प्युरी फुटत नाही त्याचं मुख्य कारणही हेच. कारखान्यात टोमॅटो चिरडता चिरडताच वेगानं तापवतात. या पद्धतीला हॉट ब्रेक म्हणतात. दुसरं कारण आटवण्याचं. ताज्या टोमॅटोत जवळजवळ 95 टक्के पाणी असतं आणि विरघळलेला घन भाग चार-पाच टक्के. आपल्या देशातल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे प्युरी म्हणून विकायच्या मालात हा भाग निदान 9 टक्के लागतो. म्हणजे रस साधारण निम्मा आटवल्याशिवाय तिला प्युरी म्हणताच येत नाही. तुम्ही मिक्सरमधून काढता तो, काटेकोर बोलायचं तर, टोमॅटोचा कच्चा रस आहे.

तेव्हा क्रम बदला. आधी तापवा, मग वाटा. आता मी अंबरनाथला माझ्या ओट्यावर करते ते सगळं मापासकट सांगते.

मागच्या खेपेला मी तीन किलो घेतले. आपल्याकडच्या भाजीबाजारात दोन प्रकारचे टोमॅटो दिसतात. एक लांबट, टणक, जाड सालीचे. जुन्नरकडचे नारायणगावचे किंवा नाशिककडचे पिंपळगाव बसवंतचे वीस-वीस किलोंच्या कॅरेटमधून येतात ते बहुतेक असेच, लांबच्या प्रवासाला टिकणारे. दुसरे गोल, दबके, फासळ्या असलेले, ज्यांना आपण गावठी म्हणतो. ते आंबट आणि रसाळ असतात, पण बिया आणि पाणी जास्त, त्यामुळे आटवायला वेळ लागतो. प्युरीसाठी लांबटच घ्यावेत, पण पूर्ण लाल झालेले. खांद्याशी पिवळट-हिरवे असतील तर देठाची बाजू खाली करून दोन दिवस ओट्यावर ठेवा. फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथे रंग आणि वास दोन्ही अडकून राहतात. एखाद्यावर बुरशी दिसली तर तेवढा भाग कापून बाकीचा वापरायचा मोह टाळा. बुरशीमुळे आजूबाजूच्या गरातलं आम्ल कमी होतं, आणि प्युरी टिकण्यात आम्लाचा मोठा वाटा असतो.

मोठ्या पातेल्यात चार लिटर पाणी खळखळून उकळलं. शेजारी परातीत प्यायचं पाणी आणि त्यात बर्फ. पाणी प्यायचंच हवं, कारण चिरलेल्या सालीतून ते फळाला लागतं. टोमॅटोच्या खालच्या टोकाला सुरीनं फुलीसारखी चीर द्यायची, साल कापेल इतकीच उथळ. देठाचा टणक भाग आत्ता काढायचा नाही, नाहीतर त्या खड्ड्यातून पाणी आत शिरतं. एका वेळी पाच-सहाच टोमॅटो सोडले. एकदम दोन किलो टाकले तर पाण्याची उकळी मोडते, मग टोमॅटो नुसते कोमट पाण्यात भिजत राहतात आणि वरचा गर लिबलिबीत होतो. चिरेपाशी सालीचं टोक बाहेरच्या बाजूला वळलं की झालं. मऊसर टोमॅटोला तीस-चाळीस सेकंद पुरतात, जाड सालीच्या लांबट टोमॅटोला मिनिटभर लागतं. झाऱ्यानं काढून थेट बर्फाच्या पाण्यात. दोन मिनिटांनी टोक धरून ओढलं की चार पाकळ्यांत साल सुटते.

साल निघताना बघत राहा, टोमॅटोचं काय झालं ते तीच सांगते. चिंध्या होऊन तुकड्या-तुकड्यानं निघत असेल तर वेळ कमी पडला, किंवा टोमॅटो कच्चा आहे. सालीबरोबर गराचा जाड थर येत असेल तर टोमॅटो पाण्यात जास्त राहिला. सुटलेली साल उजेडाकडे धरली तर पलीकडचं दिसावं इतकी पातळ हवी.

आता महत्त्वाचं. सोललेले सगळे टोमॅटो एकदम चिरून ढीग घालू नका. चिरल्या क्षणापासून एन्झाइम्स कामाला लागलेली असतात. मी जाड बुडाचं, पसरट स्टीलचं पातेलं मोठ्या आचेवर ठेवलं. पाच टोमॅटो, म्हणजे अर्ध्या किलोच्या आसपास, देठ काढून चार-चार फोडी केल्या आणि लगेच पातेल्यात टाकून पावभाजीच्या मॅशरनं चेचले. मिनिट-दोन मिनिटांत रसाला उकळी आली. मग तीन-चार टोमॅटो चिरायचे, त्या उकळत्या रसात टाकायचे, चेचायचे, पुन्हा उकळी आली की पुढचे. उकळी मोडू द्यायची नाही. असं केल्यानं प्रत्येक नवी फोड पडताक्षणी भाजून निघते आणि तिच्यातल्या एन्झाइम्सना वेळच मिळत नाही. सगळे टोमॅटो गेल्यावर पाच-सात मिनिटं उकळू दिलं आणि गॅस बंद केला.

आता गर हवा तितका थंड होऊ द्या, धागे तोडणारं आत काही शिल्लक नाही. गरम गर मिक्सरमध्ये घालायचा नाहीच. वाफेनं झाकण उडतं आणि हात भाजतात. कोमट झाल्यावर मिक्सर थोडा थोडा, थांबत थांबत फिरवा. सलग फिरवला तर हवा मिसळून प्युरी फिकी गुलाबी, फेसाळ होते आणि बिया चिरडून किंचित कडवटपणा येतो. मी यानंतर चाळणीतून गाळून घेते.

शेवटी आटवणं. गाळलेला रस त्याच पसरट पातेल्यात मध्यम आचेवर ठेवला. सुरुवातीला वीसेक मिनिटं मधूनमधून ढवळलं तरी चालतं. दाट व्हायला लागली की प्युरी बुडबुडे फोडून अंगावर उडते आणि तळाला धरते, तेव्हा लांब दांड्याचा डाव घेऊन तिथेच उभं राहावं लागतं. मला एकंदर चाळीस मिनिटं लागली. झाली की नाही हे बघायला ताटलीत चमचाभर थेंब टाका आणि मिनिटभर थांबा. थेंबाच्या कडेनं पाण्याचं वर्तुळ पसरलं तर अजून आटवायची, थेंब जागच्या जागी राहिला तर झाली. तीन किलो टोमॅटोंची माझ्याकडे सव्वा लिटरच्या आत-बाहेर प्युरी निघाली. मीठ घातलं नाही. एवढ्याशा मिठानं प्युरी टिकत नाही आणि भाजीचा अंदाज मात्र चुकतो.

खरं-खोटं करायला मी त्याच पिशवीतले चार टोमॅटो बाजूला ठेवून तुमच्या पद्धतीनं, कच्चेच मिक्सरमधून काढले होते. दोन्ही काचेच्या सारख्या पेल्यांत फ्रीजमध्ये ठेवले. कच्च्याच्या पेल्यात सकाळी वरचा तिसरा हिस्सा पिवळ्या पाण्याचा होता. दुसरा पेला वाकडा केला तरी कडेला थेंबभर पाणी सुटलं नाही. आटवलेली प्युरी दाट होणारच, हे मान्य. म्हणून आधी तापवून वाटलेला पण न आटवलेला रस तिसऱ्या पेल्यात ठेवला होता. त्यातही वर पाण्याची नुसती रेघ होती.

भांड्याबद्दल एकच. आटवायला ॲल्युमिनियमचं पातेलं किंवा लोखंडी कढई नको. टोमॅटोचं आम्ल इतका वेळ धातूला लागलं की प्युरीला धातूची चव येते.

प्रश्न : इतके सोपस्कार करायला वेळ नाही. साल न काढता प्युरी केली तर काय बिघडतं? (अंबरनाथ पश्चिमेहून)

उत्तर : साल शिजत नाही, हे बिघडतं. रश्शात ती गुंडाळी होऊन कागदासारखी दाताखाली येते आणि मिक्सरमधून काढली तरी तिचे लाल कण उरतात. पण तुमचा प्रश्न रास्त आहे. प्युरीच करायची असेल तर उकळत्या पाण्यात टाकून सोलण्याला एक जुना, सोपा पर्याय आपल्या घरातच आहे : पुरणयंत्र.

टोमॅटो धुऊन, सालीसकट चार फोडी करून, वर सांगितल्याप्रमाणे उकळत्या रसात थोडे थोडे टाकत जा. पंधरा मिनिटं शिजवा. मग गरमच, पळीपळीनं पुरणयंत्रात घालून बारीक जाळीवर फिरवा. गर खाली पडतो, साल आणि बऱ्याचशा बिया वर राहतात. मिक्सर नाही, फेस नाही, बर्फ नाही. होळीला एकदा बाहेर काढून वर्षभर माळ्यावर ठेवायचं ते यंत्र या कामाला फार चांगलं आहे. मला विचाराल तर प्युरीसाठी मी हाच मार्ग निवडेन. सोलण्याचा खटाटोप खरा उपयोगी पडतो तो टोमॅटोच्या फोडी अखंड हव्या असतात तेव्हा.

आणि दोन-चारच टोमॅटो सोलायचे असतील तर तेवढ्यासाठी पाणी उकळू नका. पिकलेले टोमॅटो अख्खेच रात्री फ्रीजरमध्ये टाका. सकाळी दगडासारखा टोमॅटो नळाखाली धरून अंगठ्यानं चोळला की साल सुटून हातात येते. गोठताना गरातलं पाणी प्रसरण पावतं आणि पेशी फाटतात, म्हणून ती सुटते. असा टोमॅटो कोशिंबिरीला चालत नाही, लिबलिबीत होतो. रश्शाला उत्तम.

प्रश्न : आम्ही उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात राहतो. आमच्याकडे सिंधी कढी आणि साईभाजी आठवड्यातून एकदा तरी होतेच. साठवलेली प्युरी वापरली की कढीतले बटाटे आणि गवार शिजायला नको इतका वेळ लागतो. शिवाय शेजारच्या काकी म्हणतात, प्युरी बरणीत भरून वर तेलाचा थर दिला की बाहेरच लोणच्यासारखी टिकते. खरं का?

उत्तर : आधी कढीचं. बटाटा, गवार, शेंगा मऊ होतात म्हणजे त्यांच्या पेशींना चिकटवणारं पेक्टिन विरघळतं. आंबट पाण्यात ते विरघळायला नाखूश असतं. तुम्ही ताजे टोमॅटो घालत होता तेव्हा आम्ल पातळ होतं. आटवलेली प्युरी तितकीच वाटीभर घातली की आम्ल दुप्पट होतं आणि बटाटा ताठ राहतो. साईभाजीतली चणाडाळ याच कारणानं हटून बसते, तिथे तर चुकाही असतो.

उपाय साधा आहे. बेसन तेलात खमंग भाजून पाणी घातलं की बटाटे, गवार आणि शेवग्याच्या शेंगा आधी शिजू द्या. बटाट्यात सुरी सहज गेली की प्युरी घाला आणि त्यानंतर कढी दहा-पंधरा मिनिटं उकळा. भेंडी तळून घालत असाल तर ती सगळ्यात शेवटी. प्युरी ताज्याच्या निम्मी घ्यायची, हेही लक्षात ठेवा. आटवलेल्या टोमॅटोला शिजलेला, गोडसर स्वाद येतो आणि ताज्याचा झणका जातो. तो परत हवा असेल तर गॅस बंद करण्यापूर्वी चिंचेचा कोळ किंवा दोन कोकमं टाका. साईभाजीत डाळ, पालक, चुका कुकरमध्ये शिजवून प्युरी नंतर घातली तर डाळ घोटताना त्रास होत नाही.

आता काकींचं. त्यांना माझा नमस्कार सांगा, पण हे त्यांनी करू नये. लोणचं तेलामुळे टिकतं हा समजच अर्धा आहे. कैरीच्या लोणच्यात भरपूर मीठ असतं, कैरीचं जोरकस आम्ल असतं आणि मिठानं फोडींतलं पाणी ओढून घेतलेलं असतं. तेल फक्त वरून हवा अडवतं. प्युरीत मीठ नाही, पाणी भरपूर, आणि आम्लाचा भरवसा नाही.

हा भरवसा का नाही ते सांगायला हवं. हवा न लागणाऱ्या बंद जागी वाढणारा एक जिवाणू आहे, क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम. त्याचं विष प्राणघातक असतं. सामू 4.6 किंवा त्याहून कमी असेल, म्हणजे पुरेसा आंबटपणा असेल, तर तो वाढत नाही. टोमॅटो नेमका या रेषेवर बसलेला आहे. काहींचा सामू 4.3 असतो, काहींचा रेषेच्या वर जातो, आणि जास्त पिकलेल्या फळात आम्ल कमीच होत जातं. जिभेला हा फरक कळत नाही, कारण गोडी त्याला झाकते. वर तेलाचा थर दिला की बरणीत हवा पोचत नाही, म्हणजे त्या जिवाणूला हवी तशी जागा आपण स्वतःच करून देतो. त्याच्या वाढीला वास येईलच असंही नाही. म्हणून घरची प्युरी फ्रीजमध्ये किंवा फ्रीजरमध्येच ठेवायची, फडताळात नाही. विकतच्या बंद पाकिटाची गोष्ट वेगळी, तिथे आम्ल मोजलेलं असतं आणि माल निर्जंतुक करून भरलेला असतो. तेही पाकीट एकदा फोडलं की घरच्या प्युरीसारखंच वागवायचं.

प्रश्न : आमचा फ्रीज एकाच दाराचा, वर छोटा फ्रीजर असलेला. बदलापुरात वीज मधूनच दोन-चार तास जाते, पावसाळ्यात कधी दिवसभरही. अशा फ्रीजमध्ये प्युरी किती दिवस ठेवावी, आणि वीज गेली तर फेकावी का?

उत्तर : फ्रीजच्या खालच्या कप्प्यात तीन ते चार दिवस, पाचव्या दिवशी संपवलीच पाहिजे. त्यासाठी ती आत नीट जायला हवी. गरम पातेलं तसंच झाकून रात्रभर ओट्यावर ठेवू नका. मे महिन्यात आपल्याकडे स्वयंपाकघर इतकं तापलेलं असतं की प्युरी तासन् तास कोमट राहते, आणि बिघाड तिथेच सुरू होतो. पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळा, पाणी एकदा बदला, अर्ध्या तासात निवते. मग एका मोठ्या बरणीऐवजी तीन लहान डब्यांत भरा, म्हणजे रोज एकच डबा उघडतो. चमचा कोरडा आणि स्वच्छ. झाकण उघडताना फुस्स आवाज आला, बुडबुडे दिसले, ताडीसारखा आंबूस वास आला किंवा वर पांढरी साय धरली, तर वरचं काढून खालचं वापरायचं नाही. सगळी टाकायची.

चार दिवसांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर फ्रीजर. बर्फाच्या ट्रेमध्ये भरा, रात्रभर गोठवा, सकाळी खडे काढून जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा आणि पिशवी बंद करून तारीख लिहा. ट्रेमध्येच ठेवलीत तर वर बर्फाचा भुगा साचतो, खडे सुकतात, आणि फ्रीजरमध्ये मासळी असेल तर तिचा वास प्युरी हमखास घेते. माझ्या ट्रेच्या एका खणात वीस मिलिलिटरच्या आसपास मावतं. तीन किलोंच्या सव्वा लिटरचे साठ खडे झाले, म्हणजे एका खड्यात पन्नास ग्रॅम टोमॅटो. मध्यम टोमॅटो शंभर ग्रॅमचा धरला तर दोन खडे म्हणजे एक टोमॅटो. सकाळच्या घाईत हा हिशेब फार उपयोगी पडतो. काचेच्या बाटलीत गोठवू नका. पाणी गोठताना जवळजवळ नऊ टक्के फुगतं आणि बाटली तडकते. डबा वापरलात तर वर दोन बोटं जागा सोडा.

वेगळं दार असलेला फ्रीजर उणे 18 अंशांवर राहतो, तिथे प्युरी सहा-आठ महिने चांगली राहते. तुमच्यासारख्या एका दाराच्या फ्रीजमधला वरचा कप्पा बहुधा तेवढा थंड होत नाही आणि दार उघडलं की त्याचंही तापमान चढतं. तिथे मी महिना-दीड महिन्यापलीकडे भरवसा ठेवत नाही.

वीज गेली की पहिली गोष्ट म्हणजे दार उघडून बघू नका. दार बंद राहिलं तर खालचा कप्पा चारेक तास पुरेसा थंड राहतो. गच्च भरलेला मोठा फ्रीजर दोन दिवसांपर्यंत आणि अर्धा भरलेला एक दिवस तग धरतो. तुमचा कप्पा छोटा, त्याला इतकं जमणार नाही, पण रिकामी जागा पाण्याच्या गोठवलेल्या पिशव्यांनी भरली तर बराच वेळ मिळतो.

तुम्ही ऑफिसात असताना वीज किती वेळ गेली होती हे कळायला एक वाटी पाणी फ्रीजरमध्ये गोठवा आणि त्या बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवून द्या. घरी आल्यावर नाणं वरच असेल तर काळजी नाही. नाणं बर्फात खाली रुतलेलं दिसलं, तर मधल्या वेळात सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे, मग खडे दिसायला कितीही घट्ट असोत. अर्धवट मऊ झालेल्या पण आत बर्फाचे कण असलेल्या प्युरीला पुन्हा गोठवायला हरकत नाही, फक्त ती थोडी पाणी सोडेल. पूर्ण वितळून अजून गार असेल तर त्याच दिवशी चांगली उकळून वापरा. कोमट झालेली असेल, किंवा कधी वितळली याचा पत्ता नसेल, तर टाकून द्या.

खडे वापरताना आधी बाहेर काढून वितळवू नका. कांदा परतून झाला की आच मंद करा आणि खडे कढईच्या कडेनं सोडा. तापलेल्या तेलात मधोमध टाकले तर तडतडून अंगावर येतात.

एक दाराच्या फ्रीजला तीन किलोंची प्युरी पुष्कळ झाली. ट्रे दोनच असतील तर उरलेली खालच्या डब्यात ठेवा, आणि आधी ती संपवा.